चकाकणाऱ्या पेशीची उलटतपासणी

1997 साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या एका संशोधक गटाने एक आश्चर्यकारक निरीक्षण प्रसिद्ध केलं. एचआयव्ही विषाणूच्या टॅट नावाच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा पेशींवर सोडला, की तो पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतो आणि थेट केंद्रकात जाऊन बसतो, असं त्यांना दिसलं होतं. औषधं पेशीत पोहोचवण्याचा एक सोपा मार्ग सापडला, असं त्या काळात अनेकांना वाटलं. पुढे 2003 साली बर्नार लेब्लू यांच्या त्याच गटाने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि या वेळी जिवंत पेशी तशाच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. चकाकणारा तुकडा केंद्रकात नव्हता. तो पेशीने गिळलेल्या बारीक बुडबुड्यांमध्ये अडकलेला होता. त्याच पेशी रसायनाने स्थिर केल्यावर मात्र केंद्रक उजळलेलं दिसत होतं. तुकड्यावर धनभार असल्यामुळे तो पेशीच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहायचा, आणि स्थिर करताना पटलाची अडवण्याची ताकद गेली की आत झिरपून केंद्रकातल्या ऋणभारित डीएनएकडे जायचा. म्हणजे चित्र स्पष्ट होतं, पण ते पेशीचं नव्हतं, पेशीवर केलेल्या प्रक्रियेचं होतं.

जीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांमध्ये होणाऱ्या इम्युनोफ्लुओरेसन्सच्या प्रात्यक्षिकाकडे मी याच नजरेने बघतो. काळ्या पडद्यावर हिरवं जाळं आणि निळी केंद्रकं उमटली, की प्रात्यक्षिक संपलं असं वाटतं. खरं तर तिथे ते सुरू होतं. त्या हिरव्या रंगाचा प्रत्येक ठिपका नक्की कुठून आला, हे सांगता आलं तरच चित्राला अर्थ असतो. ते सांगता यावं म्हणून प्रत्येक पायरीमागे एक शंका आणि त्या शंकेचं उत्तर देणारी एक वेगळी काच ठेवावी लागते. या जादा काचांना प्रयोगशाळेत कंट्रोल म्हणतात.

तंत्राची कल्पना साधी आहे. शरीर संसर्गाशी लढताना अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवतं आणि प्रत्येक अँटीबॉडी एखाद्या प्रथिनाचा ठरावीक भाग ओळखून त्याला चिकटते. हार्वर्डमधल्या अल्बर्ट कून्स यांनी 1940च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूमोकोकस जिवाणूविरुद्धच्या अँटीबॉडीला चमकणारा रंग रासायनिकरीत्या जोडला आणि जिवाणूचे अंश ऊतीत नेमके कुठे आहेत हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. नंतर, 1954 साली, टॉमस वेलर आणि कून्स यांनी कांजिण्यांच्या विषाणूचा अभ्यास करताना रंग पहिल्या अँटीबॉडीला न जोडता तिला ओळखणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीला जोडण्याची पद्धत वापरली. आजची बहुतेक प्रात्यक्षिकं या दुसऱ्या, अप्रत्यक्ष पद्धतीनेच होतात.

एक नेमकं उदाहरण घेऊ. हेला पेशींमधल्या सूक्ष्मनलिका बघायच्या आहेत. हेला पेशी 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता, काढल्या गेल्या आणि तेव्हापासून जगभर वाढवल्या जात आहेत. भारतातल्या अनेक प्रयोगशाळा त्या पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून मागवतात. सूक्ष्मनलिका म्हणजे ट्युब्युलिन या प्रथिनाचे पोकळ धागे. ते केंद्रकाजवळच्या एका जागेपासून पेशीच्या कडांपर्यंत पसरलेले असतात. सरावासाठी ट्युब्युलिन उत्तम, कारण ते प्रत्येक पेशीत भरपूर असतं आणि त्याचं जाळं कसं दिसायला हवं हे आधीपासून ठाऊक असतं.

चोवीस खणांच्या प्लेटमध्ये 12 मिलिमीटर व्यासाच्या गोल कव्हरस्लिप ठेवून त्यांवर पेशी वाढवाव्यात. निम्मी ते दोन तृतीयांश काच भरली की थांबावं. पेशी एकमेकींवर चढल्या तर जाळं वाचता येत नाही. आपल्या प्रयोगासाठी सहा काचा लागतील. त्यांतली मुख्य काच एकच आहे, बाकी पाच शंकानिरसनासाठी.

पहिली पायरी फिक्सेशनची, म्हणजे पेशी जशी आहे तशी जागच्या जागी थांबवण्याची. इथे दोन मार्ग आहेत आणि ते मुळातून वेगळे आहेत. 4 टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण प्रथिनांवरच्या अमाइन गटांना पकडून त्यांच्यात बारीक रासायनिक पूल बांधतं. प्रथिनं एकमेकांना जोडली जातात, पेशीचा आकार टिकतो, पण पटल बऱ्यापैकी शाबूत राहतं. उणे 20 अंशांचं मिथेनॉल पूल बांधत नाही. ते पेशीतलं पाणी काढून घेतं, प्रथिनं जागीच साकळतात आणि पटलातली चरबी विरघळून जाते. जे प्रथिन कशालाही बांधलेलं नाही, नुसतं पेशीरसात तरंगतंय, ते मिथेनॉलमध्ये बरंचसं वाहून जाऊ शकतं. आपल्या उदाहरणात याचा फायदाही होतो. नलिकांमध्ये न गुंफलेलं सुटं ट्युब्युलिन कमी होतं आणि धागे अधिक ठसठशीत दिसतात. पण संशोधनाचा प्रश्नच सुट्या प्रथिनाबद्दल असेल, तर तेच मिथेनॉल उत्तर पुसून टाकेल.

म्हणून पाच काचा फॉर्माल्डिहाइडमध्ये 15 मिनिटं आणि सहावी मिथेनॉलमध्ये 5 ते 10 मिनिटं ठेवावी. दोन्ही काचांवर जाळं त्याच मांडणीचं दिसलं, तर ते फिक्सेशनमुळे तयार झालेलं नाही याचा भरवसा वाढतो. फरक दिसला तर तो लपवायचा नसतो, त्याचं कारण शोधायचं असतं. टॅटच्या बाबतीत 2003 साली झालं ते हेच. फिक्स केलेली पेशी आणि जिवंत पेशी शेजारी ठेवल्यावर फरक समोर आला.

फिक्सेशनमध्ये एक चूक वारंवार होते. पेशी धुण्यासाठी फ्रिजमधलं थंड द्रावण घेतलं जातं. सूक्ष्मनलिका थंडीत सुटतात. पेशी थंड राहिल्या तर जाळं विस्कटतं आणि अँटीबॉडीवर ठपका येतो. या प्रयोगात धुण्याचं पीबीएस, म्हणजे फॉस्फेटयुक्त क्षारद्रावण, आणि फॉर्माल्डिहाइड दोन्ही 37 अंशांवर कोमट करून घ्यावीत. फॉर्माल्डिहाइडची वाफ घातक असते, त्यामुळे हे काम धूरकपाटातच करायचं.

फॉर्माल्डिहाइडचं काम झाल्यावरही पेशीत काही मोकळे अल्डिहाइड गट शिल्लक राहतात. ते पुढे येणाऱ्या कुठल्याही प्रथिनाला पकडू शकतात, अँटीबॉडीलासुद्धा. त्यांना आधीच गप्प करण्यासाठी 0.1 मोलर ग्लायसिनमध्ये 10 मिनिटं काच ठेवतात. ग्लायसिनच्या लहान रेणूंवरचे अमाइन गट त्या मोकळ्या हातांना व्यापून टाकतात. नंतर पटलाला छिद्रं पाडण्यासाठी 0.2 टक्के ट्रायटन एक्स-100 या डिटर्जंटमध्ये 10 मिनिटं. अँटीबॉडी हा मोठा रेणू आहे, छिद्रांशिवाय तो आत जात नाही. ही पायरी राहून गेली तर पेशीच्या आत काहीच दिसत नाही. मिथेनॉलच्या काचेला हिची गरज नसते, तिथे पटल आधीच गेलेलं असतं.

आता ब्लॉकिंग. अँटीबॉडी आपल्या लक्ष्याला घट्ट धरते हे खरं, पण तीही एक प्रथिनच आहे. काच, पेशीचे भारित भाग, साकळलेली प्रथिनं अशा कुठल्याही चिकट जागी ती सैलसर बसू शकते. पंगतीत रिकामे पाट राहिले की कुणीही येऊन बसतं, तसंच हे. म्हणून ते पाट आधीच निरुपद्रवी प्रथिनांनी भरून टाकायचे. पीबीएसमध्ये 5 टक्के शेळीचं सीरम मिसळून काचा त्यात अर्धा ते एक तास ठेवायच्या.

शेळीचंच सीरम का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत हटकून विचारावा असा आहे. आपली सेकंडरी अँटीबॉडी शेळीत बनवलेली आहे. शेळीच्या सीरममध्ये शेळीच्या सामान्य अँटीबॉडी असतात. त्या चिकट जागा व्यापतात, आणि सेकंडरी फक्त उंदराच्या अँटीबॉडीला ओळखते म्हणून ती या शेळीच्या अँटीबॉडींकडे वळत नाही. इथे कुणी उंदराचं सीरम वापरलं तर सेकंडरी त्या सीरमवरच जाऊन बसेल आणि काच सगळीकडे सारखी हिरवी होईल. नियम असा, की सीरम त्या प्राण्याचं घ्यावं ज्यात सेकंडरी बनली आहे, आणि ज्या प्राण्यात प्रायमरी बनली आहे त्याचं कधीही घेऊ नये.

प्रायमरी म्हणून अल्फा-ट्युब्युलिन ओळखणारी, उंदरापासून मिळवलेली डीएम1ए ही प्रचलित मोनोक्लोनल अँटीबॉडी घेऊ. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली, सगळे रेणू अगदी एकसारखे. ती ब्लॉकिंगच्या द्रावणातच 500 पटींनी पातळ करायची. पॅराफिल्मवर 50 मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा, त्यावर काच पेशींची बाजू खाली करून अलगद टेकवायची आणि शेजारी ओला टिपकागद ठेवलेल्या बंद डब्यात तासभर राहू द्यायची. ओला कागद विसरला तर थेंब कडेने सुकतो, तिथे अँटीबॉडी दाट होते आणि काचेच्या कडेला झगझगीत पट्टा उमटतो. मधल्या पेशी फिक्या आणि कडेच्या लखलखीत दिसल्या, तर काच सुकली असं समजावं. 500 पटींचा आकडाही अंतिम नसतो. नवीन बाटली आली की 200, 500, 1000 आणि 2000 पट पातळ करून पाहावं आणि जिथे धागे आणि पार्श्वभूमी यांतला फरक सर्वांत मोठा आहे ते प्रमाण निवडावं. सर्वांत तेजस्वी चित्र देणारं प्रमाण आणि हे प्रमाण एकच असेल असं नाही.

पीबीएसने पाच-पाच मिनिटं तीनदा धुतल्यावर सेकंडरीची पाळी येते. उंदराच्या अँटीबॉडीविरुद्ध शेळीत बनवलेली ही अँटीबॉडी अलेक्सा 488 या रंगाला जोडलेली असते. निळ्या प्रकाशात हा रंग हिरवा चमकतो. एका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसू शकतात, प्रत्येकीवर रंगाचे अनेक रेणू असतात, म्हणून खूण कित्येक पट तेजस्वी होते. शिवाय एकच रंगीत सेकंडरी उंदराच्या असंख्य प्रायमरींसाठी चालते. मात्र हीच वाढ खोटी खूणही तितकीच वाढवते. सेकंडरी चुकीच्या जागी बसली, तर तीही झगमगतेच.

इथून पुढचं काम अंधारात करायचं, नाहीतर रंग उजेडाने विटतो. सेकंडरी 500 ते 1000 पट पातळ करून 45 मिनिटं ठेवायची. त्याआधी बाटलीतला भाग सेंट्रिफ्यूजमध्ये काही मिनिटं वेगाने फिरवून वरचं द्रावण घ्यावं. साठवणीत अँटीबॉडींच्या गुठळ्या होतात आणि त्या काचेवर बारीक तेजस्वी ठिपके म्हणून दिसतात. ठिपके पेशींच्या बाहेर, रिकाम्या काचेवरही विखुरलेले असतील तर ते गुठळ्यांचेच. पुन्हा तीनदा धुऊन केंद्रकासाठी डॅपी हा निळा रंग, मिलिलिटरला 1 मायक्रोग्रॅम या प्रमाणात, 5 मिनिटं द्यायचा आणि काच माउंटिंग द्रावणाच्या थेंबावर पालथी बसवायची.

आता त्या सहा काचा काय काय सांगतात ते बघू.

पहिली काच मुख्य, तिच्यावर सगळं दिलेलं आहे. दुसऱ्या काचेवर एकही अँटीबॉडी नाही, फक्त डॅपी. पेशींमधली काही द्रव्यं आपसूक हिरवट चमकतात आणि अल्डिहाइडने ती चमक वाढते. ही काच तेवढी चमक मोजून देते. तिसऱ्या काचेवर प्रायमरी वगळून फक्त सेकंडरी. सेकंडरी आपणहून कुठे चिकटते का, हे ती सांगते. चौथ्या काचेवर प्रायमरीऐवजी उंदराची त्याच जातीची, म्हणजे आयजीजी1 वर्गाची, पण पेशीतलं काहीही न ओळखणारी अँटीबॉडी तितक्याच प्रमाणात. उंदराची कुठलीही अँटीबॉडी इथे चिकटली असती का, याचं ते उत्तर. पाचवी काच सगळ्यांत रंजक. तिच्यावरच्या पेशींना फिक्स करण्यापूर्वी तासभर 10 मायक्रोमोलर नोकोडॅझोल हे औषध दिलेलं असतं. ते सूक्ष्मनलिका मोडतं. सहावी काच मिथेनॉलची, तिच्याबद्दल वर आलंच आहे.

सहाही काचांचं छायाचित्रण एकाच मापाने व्हायला हवं. मुख्य काच आधी बघायची, कुठलाही बिंदू कमाल मर्यादेला धडकणार नाही असा एक्सपोजर ठरवायचा आणि मग प्रकाशाची तीव्रता, एक्सपोजर, गेन यांपैकी कशालाही हात न लावता बाकीच्या काचा टिपायच्या. संगणकाची एक सवय इथे घात करते. अनेक प्रणाली प्रत्येक चित्राचा उजेड आपोआप ताणून दाखवतात. त्यामुळे जवळजवळ काळी असलेली तिसरी काचही पडद्यावर हिरवीगार दिसते आणि विद्यार्थी घाबरतो. उलट, प्रत्येक चित्र वेगवेगळ्या मापाने उजळवून छापलं, तर कंट्रोल काळाशार दाखवणंही सोपं होतं. म्हणून डोळ्यांवर विसंबण्याऐवजी आकडे वाचावेत.

समजा, 0 ते 4095 मापाच्या कॅमेऱ्यावर रिकाम्या काचेचं वाचन 100 आलं. अँटीबॉडी नसलेल्या पेशींचं सरासरी वाचन 160, फक्त सेकंडरीचं 210, उंदराच्या निरर्थक अँटीबॉडीचं 230 आणि मुख्य काचेचं 1850. मग पेशींची स्वतःची चमक 60 झाली, सेकंडरीने आपणहून 50 ची भर घातली आणि प्रायमरी कुठेही सैल चिकटल्याने आणखी 20. उरलेल्या 1620 चं श्रेय पहिल्या अँटीबॉडीच्या नेमक्या पकडीला देता येतं. हेच फक्त सेकंडरीचं वाचन 900 आलं असतं, तर ब्लॉकिंग वाढवणं, सेकंडरी आणखी पातळ करणं, धुणं वाढवणं हे उपाय आधी करायला हवे होते. मुख्य काच 240 वरच राहिली असती, तर प्रायमरी आत पोहोचली का, छिद्रं पडली का, फॉर्माल्डिहाइडने तिची ओळखण्याची जागा झाकली का, हे तपासायला हवं होतं. शेवटच्या शक्यतेसाठी मिथेनॉलची काच कामी येते. तिथे खूण दिसली आणि फॉर्माल्डिहाइडवर नाही, तर संशय बराच पक्का होतो.

इथे एक गैरसमज मुळापासून दूर करायला हवा. फक्त सेकंडरीची काच काळी आली म्हणून चित्र खरं ठरत नाही. त्या काचेवर प्रायमरी नसतेच, त्यामुळे प्रायमरीबद्दल ती एक शब्दही सांगू शकत नाही. प्रायमरीने ट्युब्युलिनऐवजी भलतंच प्रथिन धरलं असतं, तरी तिसरी काच तितकीच काळी आली असती. चौथीही या बाबतीत अपुरी आहे. उंदराच्या अँटीबॉडी सर्वसाधारणपणे किती चिकटतात एवढंच ती सांगते, ही विशिष्ट अँटीबॉडी कुणाला ओळखते ते नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर पाचवी काच देऊ लागते. आपण अँटीबॉडीला हात लावला नाही, पेशीतल्या नलिका मोडल्या. नोकोडॅझोलच्या काचेवर धागे नाहीसे होऊन पेशीभर धूसर हिरवं धुकं पसरलं, क्वचित काही चिवट नलिका उरल्या, तर हिरवी खूण नलिकांच्या मागे जाते हे सिद्ध झालं. धागे जसेच्या तसे राहिले, तर एकतर औषध लागू पडलं नाही किंवा आपण बघतोय ते सूक्ष्मनलिकांचं जाळं नव्हे. ज्या प्रथिनाचं ठरलेलं रूप नाही आणि ज्यावर असं औषधही नाही, तिथे याहून कठोर कसोटी लावतात. त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या आणि त्यांत खूण नाहीशी होते का ते बघायचं. 2016 साली अँटीबॉडी पडताळणीसाठी एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवलेल्या पाच मार्गांमध्ये ही जनुकीय कसोटी आहे. ट्युब्युलिनसारख्या जीवनावश्यक प्रथिनाला मात्र ती लावता येत नाही, कारण ते पूर्ण काढलं तर पेशीच जगत नाही. म्हणून इथे औषधाचा आधार घ्यावा लागतो.

सगळ्या काचा मनासारख्या आल्या तरी एक मर्यादा राहते. सूक्ष्मनलिकेची जाडी सुमारे 25 नॅनोमीटर असते, पण साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकात हिरवा धागा 200 नॅनोमीटरहून रुंद दिसतो. प्रकाशाच्या लहरींमुळे तो पसरतो. त्यामुळे एकमेकींना चिकटून जाणाऱ्या दोन नलिका एकच दिसतील, आणि जाड दिसणारा धागा खरंच जाड आहे की अनेक नलिकांची जुडी आहे हे या चित्रावरून ठरवता येणार नाही.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीत हिरव्या चित्राखाली नुसतं ‘सूक्ष्मनलिका दिसल्या’ असं लिहिणं अपुरं आहे. फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल दोन्हींत त्याच मांडणीचं, नोकोडॅझोलने मोडणारं आणि सेकंडरीच्या स्वतःच्या चिकटण्यापेक्षा कित्येक पट तेजस्वी असं जाळं डीएम1ए अँटीबॉडीने दाखवलं, असं लिहावं, आणि सहाही चित्रं एकाच मापाने टिपून शेजारी चिकटवावीत. मग वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवावा लागत नाही. प्रत्येक शंका कोणत्या काचेने दूर केली, आणि कोणती अजून शिल्लक आहे, हे तो स्वतः तपासू शकतो.